रोज दुपारी हरवणाऱ्या नोंदी : कळमन्याच्या एका शीतगृहातील घड्याळ-चिपचे प्रकरण

नागपूरच्या कळमना बाजाराच्या परिसरातील एका शीतगृहात वाळलेली मिरची साठवली जाते. माल ठेवणारे व्यापारी दर आठवड्याला तापमानाच्या नोंदी मागतात, आणि त्या देण्यासाठी प्रत्येक दालनात दर दहा मिनिटांनी तापमान टिपणारे एक लहान नोंदयंत्र बसवलेले आहे. मे महिन्यात, बाहेरचे तापमान पंचेचाळीस अंशांच्या घरात असताना, एका व्यापाऱ्याने आठवड्याचा आलेख पाहिला आणि त्याच्या लक्षात आले की पहिला दिवस सोडला, तर रोज दुपारी १२ वाजून २० मिनिटांपासून ४ वाजेपर्यंत एकही नोंद नाही. दिवसाच्या नेमक्या तापलेल्या वेळी नोंद नसणे म्हणजे तेवढा वेळ यंत्र मुद्दाम बंद ठेवले जात असणार, असा आरोप त्याने मालकांसमोर केला. ऑपरेटरचे म्हणणे एवढेच होते, "भाऊ, मी यंत्राला हात लावत नाही. त्याच्यावरचं घड्याळ तुम्ही केव्हाही पाहा, बरोबरच चालतं." मालकांनी नोंदयंत्र आणि त्याच्या फायली तपासण्यासाठी माझ्याकडे दिल्या.

यंत्राचा थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे. त्यात आधी डीएस१३०७ ही बॅटरीवर चालू राहणारी घड्याळ-चिप होती. तिची वेळ ३२,७६८ हर्ट्झच्या बाहेरच्या क्रिस्टलवर अवलंबून असते, आणि असे क्रिस्टल साधारण पंचवीस अंशांना सर्वांत अचूक असते. तापमान त्याच्या वर किंवा खाली कुठेही गेले, तरी ते मंदावते. ही मंदी तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पत्र्याच्या छपराखालच्या पेटीत तापमान पंचावन्न अंशांवर गेले, तर फरक तीस अंशांचा होतो आणि घड्याळ दिवसाला सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडते. उन्हाळ्याच्या महिन्यात असा सव्वा मिनिटाहून जास्त फरक साचू लागल्याने दुरुस्ती करणाऱ्याने ती चिप काढून डीएस३२३१ बसवली. या चिपच्या आतच क्रिस्टल आणि तापमानानुसार सुधारणा करण्याची सोय असते, आणि शून्य ते चाळीस अंशांच्या पट्ट्यात तिची चूक दहा लाखांत दोन भागांच्या आत राहते. नागपूरच्या हवामानासाठी ही निवड अगदी योग्य होती. मात्र चिप बदलताना जुन्या प्रोग्रॅममधील तयार लायब्ररी काढून टाकण्यात आली आणि चिपची रजिस्टरे, म्हणजे वेळेचे आकडे साठवणाऱ्या तिच्या आतल्या लहान जागा, थेट वाचणारा नवा भाग लिहिला गेला.

आरोपाची शहानिशा करण्यासाठी आधी हे ठरवावे लागते, की वेगवेगळ्या कारणांनी फायलीवर कोणत्या वेगवेगळ्या खुणा उमटल्या असत्या. कोणी दुपारी यंत्राचा वीजपुरवठा तोडला असता, तर नोंदी थांबल्या असत्या, पण चिप तिच्या बटण-सेलवर चालत राहिली असती. वीज परत येताच वेळ बरोबर दिसली असती आणि फायलीत मधल्या ओळी कमी भरल्या असत्या. पावणेचार तासांच्या आसपास यंत्र बंद राहिले, तर जवळजवळ बावीस ओळी गायब व्हायला हव्यात. सेल संपलेला असता, तर वीज गेल्यावर चिपने वेळच सोडून दिली असती. डीएस३२३१ तशा स्थितीत सन ००, १ जानेवारी, शून्य वाजल्यापासून सुरू होते, आणि ऑपरेटरला पडद्यावर चुकीची वेळ लगेच दिसली असती. शिवाय चिपच्या स्थिती-रजिस्टरात, म्हणजे `0x0F` या पत्त्यावर, सर्वांत वरचा बिट १ झालेला असता. ऑसिलेटर मधे केव्हातरी थांबला होता, एवढेच हा बिट सांगतो, आणि प्रोग्रॅमने तो स्वतः पुसेपर्यंत तो तसाच राहतो.

प्रत्यक्षात तो बिट शून्य होता. सेलचा व्होल्टेज तीन व्होल्टच्या आसपास होता. आणि मुख्य गोष्ट अशी, की त्या आठवड्याच्या प्रत्येक दिवसाच्या फायलीत बरोबर १४४ ओळी होत्या. दहा मिनिटांनी एक याप्रमाणे चोवीस तासांत जेवढ्या ओळी व्हायला हव्यात, तेवढ्याच त्या होत्या. म्हणजे यंत्र एक क्षणही बंद नव्हते आणि एकही वाचन गेलेले नव्हते. दुपारची वाचने दुसऱ्याच कुठल्या तरी वेळेच्या नावावर पडत होती.

आलेखाकडे पुन्हा पाहिले, तेव्हा आणखी तीन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की नोंद दर दहा मिनिटांनी होत असूनही मिनिटांच्या जागी १०, ३०, ४० किंवा ५० हे आकडे कधीच येत नव्हते. फक्त ००, ०४, १६, २०, ३२ आणि ४८ एवढेच येत होते. दुसरी अशी, की सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान एकाच वेळेला दोन-दोन तापमाने दाखवली जात होती. तिसरी अशी, की दिवसातले सर्वांत जास्त तापमान रात्री नऊच्या सुमारास दिसत होते, आणि ऑपरेटरच्या हाताने लिहिलेल्या नोंदवहीप्रमाणे त्या वेळी दालनांचे दरवाजे बंद होऊन दोन तास उलटलेले असत. मला सर्वांत बोलके वाटले ते मिनिटांचे आकडे, कारण १६, ३२ आणि ४८ ही सोळाच्या पाढ्यातली संख्या आहे, आणि दहा-दहाने वाढणारी गोष्ट सोळा-सोळाने वाढताना दिसली, की बीसीडीचा संशय यायलाच हवा.

बीसीडी म्हणजे काय, ते या चिपच्या मिनिटांच्या रजिस्टरावरून सरळ समजते. चिप चाळीस मिनिटे ही संख्या एका बाइटमध्ये साध्या द्विमान पद्धतीने ठेवत नाही. ती बाइटचे दोन भाग करते. खालच्या चार बिटांत एकक आणि वरच्या बिटांत दशक लिहिते. चाळीससाठी वरच्या भागात ४ आणि खालच्या भागात ०, म्हणजे षोडशमान लिपीत `0x40`. हीच बाइट साधी संख्या समजून वाचली, तर वरच्या ४ ची किंमत दहापटीऐवजी सोळापट होते आणि चाळीसचे चौसष्ट होतात. शून्य ते नऊपर्यंत दोन्ही वाचने तंतोतंत सारखी असतात, आणि फरक पडतो तो दहापासून पुढे. तिथे प्रत्येक दशकामागे सहा जास्त मोजले जातात.

या यंत्राची कच्ची फाइल उघडली, तेव्हा हेच तिच्यात स्पष्ट दिसले. एका दिवसाच्या सकाळच्या ओळी अशा होत्या :

```
09:32  5.4
09:48  5.5
09:64  5.5
09:80  5.6
16:00  5.6
16:16  5.8
```

चौसष्टावे मिनिट नसते, हे कुणालाही कळते. परंतु ही कच्ची फाइल कोणी कधी पाहतच नव्हते. ऑपरेटर फाइल कार्यालयातील संगणकावर घेई, दिवसाची तारीख स्वतः भरी, आणि तिथला प्रोग्रॅम `mktime` या सी भाषेतील फंक्शनला तास आणि मिनिटे देऊन आलेख काढी. हे फंक्शन मर्यादेबाहेरचे आकडे नाकारत नाही. ते त्यांचा हिशेब पुढे नेते. ९ तास ६४ मिनिटे दिली, तर ते १० वाजून ४ मिनिटे करते. ९ तास ८० मिनिटे दिली, तर १० वाजून २० मिनिटे. तास ३५ दिला, तर दुसऱ्या दिवसाचे सकाळचे अकरा करते. या सोयीमुळेच, जी चूक पहिल्याच दिवशी उघडी पडायला हवी होती, ती नीटनेटक्या वेळांच्या रूपात आलेखावर उतरत राहिली.

आता हरवलेल्या दुपारचा हिशेब लागतो. खऱ्या दहा वाजता तासाच्या रजिस्टरात `0x10` असते आणि ते सोळा म्हणून वाचले जाते. म्हणून नऊच्या तासानंतर एकदम दुपारचे चार वाजतात. दहा ते एकोणीस हे खरे तास सोळा ते पंचवीस होतात, आणि वीस ते तेवीस हे बत्तीस ते पस्तीस होतात. संध्याकाळी सहानंतरची वाचने त्यामुळे चोवीसच्या पलीकडे जाऊन दुसऱ्या दिवसाच्या खात्यात पडतात. सहा ते आठची मध्यरात्रीनंतर, आणि रात्री आठ ते बाराची दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते १२ वाजून २० मिनिटांच्या दरम्यान. रात्री ११ वाजून ५० मिनिटांची शेवटची नोंद ३५ तास ८० मिनिटे बनते, आणि तीच दुसऱ्या दिवशी १२ वाजून २० मिनिटांवर बसते. तिथून ४ वाजेपर्यंत बसवायला कोणतेही वाचन उरत नाही. पहिल्या दिवशी आदल्या रात्रीच्या नोंदी नसल्यामुळे त्या दिवशीचे रिकामे भगदाड १० वाजून २० मिनिटांपासूनच सुरू झाले होते, आणि आलेखात अगदी तसेच दिसत होते. सकाळच्या दुहेरी तापमानांचे कारणही हेच. त्यातले एक त्या सकाळचे होते आणि दुसरे आदल्या रात्रीचे.

तरीही ऑपरेटर म्हणत होता की घड्याळ बरोबर चालते, आणि तो पूर्णपणे खरे बोलत होता. यंत्राच्या पडद्यावर वेळ दाखवणारा भाग बाइटचे दोन चार-बिटी गट वेगळे करून एकेक अंक छापत होता, त्यामुळे तिथे १० वाजून ४० मिनिटे बरोबर १०:४० अशीच दिसत. वेळ लावताना कळफलकावरून घेतलेले अंकही तसेच दोन गटांत भरले जात, म्हणून चिपमधली वेळही अचूक होती. नोंद केव्हा करायची, हे ठरवताना मिनिटांच्या एककाचा गट शून्य आहे का, एवढेच पाहिले जाई, त्यामुळे दहा मिनिटांचे अंतरही बिनचूक राहिले. फक्त फाइलमध्ये ओळ लिहिणाऱ्या एका ठिकाणी रजिस्टरातील बाइट जशीच्या तशी `%02d` ने छापली होती. दुरुस्ती करणाऱ्याने चाचणीसाठी संगणकाला जोडून जी वेळ पाहिली, ती ओळ `%02x` ने छापलेली होती, आणि बीसीडी बाइट षोडशमानात छापली, की ती आपोआप बरोबर दिसते. चाचणीत बरोबर दिसलेली गोष्ट आणि फाइलमध्ये जाणारी गोष्ट एकाच बाइटमधून निघत होती, पण छापण्याच्या एका अक्षराने त्या वेगळ्या झाल्या होत्या. अशा चुका शोधताना मी नेहमी आधी हे पाहतो, की जी वेळ बरोबर म्हणून दाखवली जाते, ती फाइलमध्ये जाणाऱ्या वाटेनेच आली आहे का.

दुरुस्ती छोटी आहे, पण ती केवळ दशमानात बदलण्यापुरती करू नये. या रजिस्टरांच्या वरच्या बिटांत वेळेव्यतिरिक्त इतर माहितीही असते, आणि ती आधी झाकावी लागते.

```c
static uint8_t bcd(uint8_t v) {
    return (v >> 4) * 10 + (v & 0x0F);
}

sec  = bcd(r[0] & 0x7F);
min  = bcd(r[1] & 0x7F);
hour = bcd(r[2] & 0x3F);
```

सेकंदांच्या रजिस्टराचा सर्वांत वरचा बिट डीएस३२३१ मध्ये नेहमी शून्य असतो. परंतु डीएस१३०७ मध्ये तोच बिट घड्याळ थांबवण्याचा असतो, आणि तो झाकला नाही, तर थांबलेले घड्याळ सेकंदांच्या जागी ऐंशी किंवा त्याहून मोठा आकडा देते. जुनी आणि नवी अशा दोन्ही चिपांची यंत्रे याच शीतगृहात असल्यामुळे `0x7F` ठेवणे शहाणपणाचे होते. तासाच्या रजिस्टरात सहावा बिट, म्हणजे शून्यापासून मोजता सहावा, बारा तासांची पद्धत की चोवीस तासांची, हे सांगतो. बारा तासांच्या पद्धतीत त्याच्या खालचा पाचवा बिट दुपारनंतरची वेळ दाखवतो, आणि चोवीस तासांच्या पद्धतीत तोच बिट वीसचे दशक दाखवतो. `0x3F` हा झाकणारा आकडा म्हणून फक्त चोवीस तासांच्या पद्धतीपुरताच बरोबर आहे. दुपारचे तीन बारा तासांच्या पद्धतीत `0x63` असे ठेवले जातात; त्यावर `0x3F` लावले, तर `0x23` उरते आणि रात्रीचे अकरा वाजल्याचे वाचले जाते. म्हणून यंत्र सुरू होताना प्रोग्रॅम सहावा बिट तपासतो, आणि तो १ आढळला, तर नोंद न करता वेळ पुन्हा लावण्यास सांगतो, अशी भर मी घातली. डीएस३२३१ च्या महिन्याच्या रजिस्टरात वरचा बिट शतक बदलल्याची खूण असतो, त्यामुळे तिथे `0x1F` लावावे लागते.

जुन्या फायली वाचवता येतील का, हा मालकांचा पुढचा प्रश्न होता. कच्च्या फायली शिल्लक असल्यामुळे उत्तर सरळ होते, कारण या चुकीत कोणतीही माहिती नष्ट झालेली नव्हती. फाइलमधील प्रत्येक आकडा षोडशमानात लिहिला, की खरी वेळ मिळते. २०:६४ मधील वीस म्हणजे `0x14` आणि चौसष्ट म्हणजे `0x40`, म्हणजे ती नोंद दुपारी २ वाजून ४० मिनिटांची. केवळ संगणकाने काढलेला आलेखच उरला असता, तर काम अवघड झाले असते. मिनिटांचे सहा आकडे तेव्हाही ओळखता आले असते, कारण ०४ हे फक्त चौसष्टपासून आणि २० हे फक्त ऐंशीपासून येऊ शकते. परंतु मध्यरात्रीनंतरची एखादी नोंद त्याच रात्रीची की आदल्या संध्याकाळची, हे नुसत्या वेळेवरून कळले नसते आणि ओळींच्या मूळ क्रमाचा आधार घ्यावा लागला असता.

सर्व जुन्या फायली अशा रीतीने बदलल्यावर वेळ एकसारखी दहा-दहा मिनिटांनी पुढे सरकू लागली, तरी काही महिन्यांच्या नोंदींत मोजक्या ओळी अजूनही खटकत होत्या. एका ठिकाणी ०९:५० नंतर ०९:०० आणि त्यानंतर १०:१० असा क्रम होता. ही दुसरी, वेगळी चूक होती. प्रोग्रॅम तास, मिनिटे आणि सेकंद तीन स्वतंत्र वाचनांत घेत होता, आधी तास आणि मग मिनिटे. तासाचे वाचन नऊ एकोणसाठच्या अगदी शेवटच्या क्षणी झाले आणि मिनिटांचे वाचन दहा वाजल्यानंतर झाले, तर नऊ आणि शून्य यांची जोडी जमते. दोन वाचनांमधील अंतर एक हजारांश सेकंदाहूनही कमी असल्याने हे क्वचितच घडते, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत ते सापडत नाही. उपाय चिपमध्येच दिलेला आहे. वाचनाची सुरुवात होताना, म्हणजे चिपला यंत्राशी जोडणाऱ्या आयटूसी या दोन तारांच्या मार्गावर स्टार्ट हा संकेत मिळताच, चिप त्या क्षणाची वेळ वेगळ्या साठ्यात उतरवून ठेवते आणि वाचन संपेपर्यंत तिथूनच बाइट देते. तेव्हा `0x00` पासून सात बाइट एकाच सलग वाचनात घेतल्या, की त्या सर्व एकाच क्षणाच्या असतात.

या तपासणीत मूळ आरोपाशी संबंध नसलेली एक गोष्ट आढळली, ती नोंदवणे आवश्यक आहे. चिप ज्या तयार निळ्या पट्टीवर होती, तिच्यावर एक डायोड आणि एक रोधक यांच्यामार्फत बटण-सेलला चार्ज करण्याचा मार्ग होता. तो मार्ग चार्ज होणाऱ्या सेलसाठी असतो. यंत्रात मात्र साधा सीआर२०३२ बसवलेला होता, आणि असा सेल चार्ज करणे धोक्याचे असते. पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर तो फुगू शकतो, त्यातला द्रव गळू शकतो. मी तो रोधक काढून टाकला. वेळ टिकवण्यासाठी चिपला जेमतेम एक ते तीन मायक्रोअँपिअर लागतात, आणि साध्या सेलची साधारण २२० मिलीअँपिअर-तासांची क्षमता त्यासाठी वर्षानुवर्षे पुरते, त्यामुळे चार्ज करण्याची गरजही नव्हती.

दुरुस्तीनंतरची चाचणी ज्या वेळांना आकडा बदलतो, त्याच वेळांवर घेतली. घड्याळ ०९:५९:५०, १९:५९:५० आणि २३:५९:५० वर लावून प्रत्येक वेळी पुढच्या दोन नोंदी फाइलमधून वाचल्या. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी घेतलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही, कारण त्या वेळी दोन्ही आकडे दहाच्या आत असतात. नंतर यंत्राची वीज तासाभरासाठी काढली. परत जोडल्यावर वेळ बरोबर होती, स्थिती-बिट शून्य होता, आणि फाइलमध्ये नेमक्या सहा ओळी कमी होत्या. कोणी यंत्र खरोखर बंद केले, तर फाइल कशी दिसते, हे त्यामुळे व्यापाऱ्याला प्रत्यक्ष दाखवता आले.

सुधारलेल्या आलेखात मे महिन्यातल्या त्या आठवड्याची सर्व दुपार भरलेली होती. सर्वांत जास्त तापमान ७.३ अंश होते आणि ते दुपारी २ वाजून ४० मिनिटांचे होते; जुन्या आलेखात तेच रात्री ९ वाजून ४ मिनिटांना दाखवले गेले होते. ऑपरेटरच्या वहीत त्या दुपारी माल उतरवण्यासाठी दरवाजा उघडल्याची नोंद होती. व्यापाऱ्याने आरोप मागे घेतला, पण यापुढे आपल्याला नुसता आलेख नको, मूळ ओळीही हव्यात, असे त्याने सांगितले, आणि ती मागणी मला रास्त वाटली. म्हणून आता प्रत्येक ओळीत वाचलेल्या वेळेशेजारी तासाची, मिनिटांची आणि सेकंदांची मूळ बाइट षोडशमानात छापली जाते, आणि एखाद्या बाइटच्या कोणत्याही गटात नऊपेक्षा मोठा अंक आला, तर संगणकावरचा प्रोग्रॅम ती ओळ आलेखात न घेता वेगळी काढून दाखवतो.